फेबुवर सोसायटीच्या खजिनदाराची बदनामी: पोस्ट आधी काढायची की माणूस आधी शोधायचा?

कोपरकर | २१ जुलै २०२५, रात्री १०:१४

मंडळी, पहिल्यांदाच असा धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

ठाणे जिल्ह्यातली आमची ६४ सदनिकांची सोसायटी. मी तीन वर्षं खजिनदार आहे, बिनपगारी, वर बायकोची बोलणी. यंदा गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं. १२ जुलैला आमच्या भागाच्या फेबु गटात 'जागरूक रहिवासी' नावाच्या खात्यावरून पोस्ट आली: "अमुक सोसायटीच्या खजिनदाराने वॉटरप्रूफिंगमध्ये चार लाख खाल्ले. हिशेब मागितला की दमदाटी करतो. असा माणूस समितीवर नको." सोबत ठेकेदाराच्या पहिल्या कोटेशनचा फोटो.

डोकं फिरलं. त्याच संध्याकाळी आम्ही वीसेक जणांनी पोस्ट रिपोर्ट केली. उत्तर आलं, नियमभंग नाही. १५ तारखेला त्याच गटात दुसरी पोस्ट आली, यावेळी 'अनामिक सदस्य' म्हणून: "याच्या मुलीच्या महागड्या क्लासची फी कुठून येते ते विचारा." खाली गणपतीतला माझा आणि माझ्या १३ वर्षांच्या मुलीचा फोटो.

काल ते पहिलं खातंच गायब झालं, त्याबरोबर पोस्टही. माझ्याकडे फक्त कायप्पावर कुणीतरी पाठवलेला स्क्रीनशॉट आहे. दुसरी पोस्ट अजून दिसतेय.

ती कशी काढायची? तक्रार कुठे करायची? आणि माणूस कसा शोधायचा? मला सदनिका ३०२ वाल्यांचा दाट संशय आहे. ते कोटेशन समितीच्या बैठकीत फिरलं होतं आणि ते तेव्हा समितीवर होते. ३१ ऑगस्टला वार्षिक सभा आहे, तिथे सगळ्यांसमोर नाव घ्यायचा विचार आहे.

---

बाप्पा_कल्याणवाला | २१ जुलै, १०:४०

सरळ पोलीस स्टेशनला जा. आयटी अ‍ॅक्ट ६६अ आणि नवीन न्याय संहितेचं बदनामीचं कलम ३५६ लावा, एफआयआर फाडतील. दोन दिवसांत आयपी अ‍ॅड्रेस निघतो. माझ्या मेव्हण्याच्या ओळखीचा सायबर सेलमध्ये आहे.

---

रिकामटेकडा | २१ जुलै, १०:५२

१९३० ला फोन करा, लगेच खातं गोठवतात.

---

मोरपिशी | २१ जुलै, ११:०५

@रिकामटेकडा, ते बँकेचं खातं हो. १९३० हा पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. यांचे पैसे गेले नाहीत, अब्रू गेलीय.

---

काळाकोट | २१ जुलै, ११:३१

कल्याण कोर्टात १६ वर्षं वकिली करते. इथे लिहितेय तो सल्ला म्हणून नको, दिशा म्हणून घ्या.

कोपरकर, सगळ्यात आधी: दुसरी पोस्ट आत्ता रिपोर्ट करू नका. इतरांनाही सांगा. पहिल्या वेळी जे झालं तेच पुन्हा होईल. पोस्ट जाईल, पुरावाही जाईल आणि लिहिणारा सावध होईल. आज रात्री फक्त जतन करा. कसं ते टेक्नोतात्या सांगतील, ते इथेच कुठेतरी असतात.

बाप्पा, ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. दहा वर्षं झाली, तरी आमच्याकडे लोक तेच कलम घेऊन येतात. ३५६ बरोबर आहे, पण तो गुन्हा अदखलपात्र आहे. पोलीस एनसी लिहून घेतील, दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. एनसी तरीही करा, तारखेची नोंद राहते. फक्त त्यावरून कुणी आयपी काढून देईल या भरवशावर बसू नका.

३०२ बद्दल उद्या लिहिते. तोपर्यंत नाव कुठेही घेऊ नका, कायप्पा गटावरसुद्धा.

---

टेक्नोतात्या | २१ जुलै, ११:५८

आलो. फोन नको, कॉम्प्युटरवर बसा.

पोस्टच्या वर "६ दि" असं लिहिलेलं असतं त्यावर माउस नेला की पूर्ण तारीख आणि वेळ दिसते. ती दिसत असताना चित्र घ्या. "६ दि" असलेल्या स्क्रीनशॉटवरून पोस्ट कधीची ते कुणालाच सांगता येत नाही. मग त्याच वेळेवर क्लिक करा, पोस्ट स्वतंत्र पानावर उघडेल. वरचा पत्ता पूर्ण दिसू द्या. त्यातला गटाचा आणि पोस्टचा आकडा महत्त्वाचा. खात्याचं नाव कुणीही बदलू शकतं, तो आकडा तसा बदलत नाही. शेवटी गटाच्या पहिल्या पानापासून त्या पोस्टपर्यंत जातानाचं स्क्रीन रेकॉर्डिंग करा, सगळ्या प्रतिक्रिया उघडून.

या फायली कायप्पावर पाठवू नका. तो चित्र दाबून लहान करतो आणि आतली माहिती उडवतो. मूळ फाइल त्याच कॉम्प्युटरवर राहू द्या, प्रत पेनड्राइव्हवर. मग विंडोजच्या काळ्या खिडकीत:

```
certutil -hashfile post2.png SHA256
```

६४ अक्षरांची एक ओळ येईल. तो त्या फाइलचा अंगठा. चित्रात एक ठिपका बदलला तरी ओळ पार बदलते. ती ओळ स्वतःलाच मेल करून ठेवा, म्हणजे त्या तारखेला फाइल अशीच होती हे दाखवता येतं.

पहिल्या पोस्टसाठी: घरातल्या ज्या कॉम्प्युटरवरून ती पाहिली होती त्याच्या ब्राउझरचा इतिहास बघा. पोस्ट मेली तरी पत्ता तिथे पडलेला असतो. गटाच्या सूचना मेलवर येत असतील तर इनबॉक्सही चाळा.

---

पियू | २२ जुलै, सकाळी ७:२०

मला कळत नाही एवढं का ताणताय. माझ्या नावाने इन्स्टावर बनावट प्रोफाइल काढून कुणीतरी माझे फोटो टाकले होते. मी तक्रार केली, दुसऱ्या दिवशी प्रोफाइल बंद! `cybercrime.gov.in` वरही टाकली, एफआयआर झाली, मुलगा सापडला. ऑफिसातलाच निघाला मेला.

---

काळाकोट | २२ जुलै, १:१५

पियू, तुमचं जमलं याचं बरं वाटलं, पण तुमची केस वेगळ्या रुळावरची होती. तुमच्या नावाने आणि फोटोने दुसरा कुणी वावरत होता. तोतयेगिरीच्या तक्रारीवर कंपनीने तातडीने पाऊल उचलायचं, असं २०२१ चे आयटी नियम सांगतात. शिवाय ६६क, ६६ड ही कलमं दखलपात्र आहेत, म्हणून पोलिसांना थेट तपास करता आला.

कोपरकरांच्या बाबतीत 'जागरूक रहिवासी' कुणाचा तोतया नाही. टोपणनाव घेणं हा गुन्हा नाही. इथे प्रश्न फक्त मजकुराचा. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीत त्या नियमांच्या यादीतून 'बदनामीकारक' हा शब्दच काढला. बदनामी आहे की नाही ते न्यायालय ठरवेल, कंपनी नाही, अशी सरकारची भूमिका होती. त्यामुळे "माझी बदनामी झाली" एवढंच लिहिलेल्या तक्रारीला बहुतेकदा "न्यायालयाचा आदेश आणा" असं उत्तर येतं. तक्रार करायचीच: तक्रार अधिकाऱ्याने २४ तासांत पोच आणि ठरलेल्या मुदतीत निकाल द्यायचा असतो. नाही पटलं तर ३० दिवसांत सरकारच्या अपील समितीकडे, `gac.gov.in` वर अपील. पण दुसऱ्या पोस्टमधला खरा दुवा बदनामी नाहीच. तो तुमच्या अल्पवयीन मुलीचा फोटो आहे. पालक म्हणून तिच्या खासगीपणाची वेगळी तक्रार करा. ती जास्त लवकर चालते.

आता मजकूर. पहिल्या पोस्टमधली तीन वाक्यं वेगळी करून वाचा. "असा माणूस नको" हे मत आहे, ते सोडून द्या. "हिशेब मागितला की दमदाटी करतो" यावर सभासद साक्षीला उभे राहू शकतात, तिथे जपून. "चार लाख खाल्ले" हे मात्र ठोस विधान आहे: एक तर खरं, नाही तर खोटं. नोटिशीत आणि फिर्यादीत भर फक्त त्यावर द्या. तिन्ही एकत्र कोंबली की समोरचा सोप्या वाक्यावर खेळतो.

चार लाख हा आकडा आला कुठून?

---

कोपरकर | २२ जुलै, २:०२

पहिलं कोटेशन ७.६ लाखांचं होतं. प्रत्यक्ष मोजणीत गच्चीचं क्षेत्र जास्त निघालं, दोन टाक्यांखालचा भागही घ्यावा लागला, अंतिम बिल ११.६ लाख. सगळं चेकने दिलंय. फरक बरोबर चार. त्याने पहिला कागद टाकला, दुसरा टाकला नाही.

---

खडूस | २२ जुलै, २:३०

तुम्ही पैसे खाल्ले नसतील, मानतो. पण हे मोजमाप सभासदांना दाखवलं होतं का? आमच्याकडे पण 'ऑडिट झाल्यावर बघा' म्हणत दोन वर्षं काढली. लोक टोपणनावाने लिहितात कारण समोर विचारलं तर पार्किंगपासून पाण्यापर्यंत त्रास सुरू होतो. सहकारी संस्था कायद्याप्रमाणे सभासदाला हिशेब बघायचा हक्क आहे. आधी कागद लावा नोटीस बोर्डावर.

---

कोपरकर | २२ जुलै, २:४५

नव्हतं दाखवलं. समितीत मंजूर झालं होतं. सप्टेंबरच्या ऑडिटनंतर देणार होतो. (हो, कळलं.)

---

काळाकोट | २२ जुलै, ३:१०

खडूस यांचा मुद्दा केसच्या दृष्टीनेही कामाचा आहे. विधान खरं आणि लोकहिताचं असेल तर तो बदनामीचा गुन्हा नाही, आणि ते खरं आहे हे त्याला सिद्ध करावं लागेल. तुमची मोजणीची वही आणि चेक आधीच उघड्यावर असतील तर त्याला काही सिद्ध करायला उरणार नाही. लपवून ठेवाल तर "मी शंका विचारली, सद्भावनेने" असं तो म्हणेल.

---

बाप्पा_कल्याणवाला | २२ जुलै, ६:४८

बरं ६६अ गेलं, मान्य. पण माणूस शोधायचा सोपा उपाय आहे. खातं जिवंत असेल तर लॉगिनच्या पानावर 'पासवर्ड विसरलो' दाबा, मोबाइलचे शेवटचे दोन आकडे दिसतात. ३०२ शी जुळवा. किंवा त्याला एखादी लिंक पाठवा, क्लिक केलं की आयपी मिळतो.

---

टेक्नोतात्या | २२ जुलै, ७:३०

दोन आकडे दर शंभर माणसांत एकाशी जुळतात. ६४ घरांत दोनशे तरी मोबाइल, म्हणजे निव्वळ योगायोगाने दोन जण तसेच सापडतील. आणि तुम्ही कोड पाठवायला सांगितलात की तो त्याच्याच फोनवर जातो, तो सावध होतो.

लिंक पाठवून मिळालेल्या आयपीचं करणार काय? मोबाइल कंपन्या एकच आयपी एका वेळी कितीतरी ग्राहकांना वाटतात. सेकंदापर्यंतची वेळ आणि पोर्टचा आकडा असल्याशिवाय कंपनीलाही तो कुणाचा ते नीट सांगता येत नाही. आणि कंपनी तो हिशेब तुम्हाला देणार नाही, पोलिसांना किंवा न्यायालयाला देईल. 'दोन दिवसांत आयपी निघतो' हे फक्त मालिकांमध्ये.

---

काळाकोट | २२ जुलै, ९:२०

दुसऱ्याच्या खात्यात शिरायचा प्रयत्न, सापळ्याच्या लिंका, हे नका करू. फिर्यादीचे तुम्ही आरोपी व्हाल.

आणि ३०२. कोटेशन किती जणांकडे होतं? समितीचे अकरा, ठेकेदार, त्याचा माणूस, झेरॉक्सवाला. हा संशय आहे, पुरावा नाही. सभेत नाव घेतलंत आणि चुकलात, तर साठ साक्षीदारांसमोर बदनामी करणारे तुम्ही.

आता मला खरं विचारायचंय ते. दुसरी पोस्ट 'अनामिक सदस्य' म्हणून आलीय ना? म्हणजे बनावट खातं काढून नव्हे, गटातली अनामिक पोस्टची सोय वापरून? मग इतर सदस्यांना नाव दिसत नसलं तरी गटाच्या अ‍ॅडमिनला दिसतं. अमेरिकेतल्या कंपनीकडे जायच्या आधी तुमच्याच भागातल्या त्या अ‍ॅडमिनचं दार वाजवा. दमदाटी नको. बॉम्बे हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये कायप्पाच्या एका प्रकरणात म्हटलंय, की सदस्याने टाकलेल्या मजकुराचा दोष केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याच्या माथी मारता येत नाही. तो आरोपी नाही, साक्षीदार आहे, तसंच वागवा. एवढंच लेखी मागा: नाव दिसतंय ते पान जतन करून ठेवा. पोस्ट गेली की त्याच्या पडद्यावरूनही ती जाऊ शकते. म्हणून आधी तो, मग फोटोची तक्रार.

---

मोरपिशी | २२ जुलै, ९:४१

हे माहीतच नव्हतं! मी आमच्या गटात सासूबद्दल अनामिक लिहिलं होतं. अ‍ॅडमिन माझी नणंद आहे. 😶

---

निनाद_जर्सी | २३ जुलै, पहाटे ४:१२

आमच्याकडे वकील 'जॉन डो'वर दावा लावून कंपनीला समन्स पाठवतात. भारतात होतं का असं?

---

काळाकोट | २३ जुलै, ११:००

होतं. आपल्याकडे त्याला 'अशोक कुमार' म्हणतात. अज्ञात प्रतिवादी आणि सोबत कंपनी असा दिवाणी दावा लावायचा, मजकूर काढायचा आणि खात्याची नोंदणी माहिती द्यायचा आदेश मागायचा. खर्च आणि वेळ दोन्ही लागतात, म्हणून मी तो आधी सुचवत नाही.

फौजदारी बाजूला दंडाधिकाऱ्यांकडे खासगी फिर्याद. त्यात पोलिसांमार्फत चौकशीचा आदेश मागता येतो. नव्या कायद्यात एक पेच आहे: दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यायची. आरोपी कोण हेच माहीत नसेल तर संधी द्यायची कुणाला? यावर प्रत्येक कोर्टात नव्याने युक्तिवाद करावा लागतोय. अ‍ॅडमिनकडून नाव मिळालं तर हा पेच सुटतो.

दोन मुदती भिंतीवर लिहा. हटवलेल्या खात्याची नोंदणी माहिती कंपनीने १८० दिवस ठेवायची असते. खातं २० जुलैला हटवलं असं धरलं तर ती जानेवारीच्या मध्यावर संपते. ते हटवलंय की नुसतं बंद केलंय हे बाहेरून कळत नाही, म्हणून वाईट तेच धरा. कंपनीला आजच नोटीस पाठवून माहिती जपायला सांगा. दुसरी मुदत दिवाणी दाव्याची: प्रसिद्धीपासून एक वर्ष. पोस्ट अजून दिसते म्हणून मुदत रोज नव्याने सुरू होते, असं समजू नका. दिल्ली हायकोर्टाने २०१३ मध्ये ते नाकारलंय.

---

कोपरकर | २६ जुलै, रात्री ९:३०

थोडी प्रगती. बायकोच्या लॅपटॉपच्या इतिहासात पहिल्या पोस्टचा पत्ता सापडला! स्क्रीनशॉट ब विंगमधल्या एका मुलाने स्वतःच्या फोनवर काढला होता, तोही मूळ स्वरूपात त्याच्याकडे आहे. मी त्याच्याकडून घेऊन कोर्टात पुराव्यासोबत लागतं त्या प्रमाणपत्रावर सही करू का? एनसी झाली. हवालदारसाहेब म्हणाले, "सोसायटीचं भांडण आहे, आपसात मिटवा."

---

काळाकोट | २६ जुलै, १०:०५

तुम्ही नाही, त्या मुलाने सही करायची. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र ज्याच्या ताब्यात ते यंत्र आहे त्याचं असतं. प्रमाणपत्राशिवाय छापील प्रत चालत नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या जालन्याच्या निवडणूक खटल्यातच ठणकावलंय. आता त्याचे दोन भाग आहेत, दुसऱ्यावर तज्ज्ञाची सही लागते आणि त्यात तात्यांनी सांगितलेली ती ६४ अक्षरं भरायची असतात. हा तज्ज्ञ नेमका कोण चालतो यावर मात्र वकिलांत अजून वाद आहेत. मी आयटीची पदवी आणि अनुभव असलेला माणूस घेते, आजवर तरी हरकत आली नाही.

मुलाला सांगा, फोन विकू नको, रिसेट मारू नको. मूळ फोन घेऊन तो स्वतः साक्षीला उभा राहिला तर प्रमाणपत्रावाचूनही भागतं.

---

टेक्नोतात्या | २६ जुलै, १०:२०

अवांतर: दिवाळीत फोनवर सूट लागते. त्याच्या आईलाही सांगून ठेवा.

---

कोपरकर | १९ ऑगस्ट, रात्री ११:०२

उशिरा लिहितोय. अ‍ॅडमिन भेटले. निवृत्त शिक्षक आहेत, घाबरले होते आधी. त्यांनी नाव दिसणारं पान माझ्यासमोर जतन केलं, पण मला दाखवलं नाही. म्हणाले, पोलीस किंवा कोर्टाचा कागद आणा, देतो. आग्रह केला नाही.

मग मुलीच्या फोटोची तक्रार केली. तिसऱ्या दिवशी पोस्ट गेली. बदनामीच्या तक्रारीला अपेक्षेप्रमाणे 'न्यायालयाचा आदेश आणा' असं उत्तर. अपील टाकलंय.

निघताना अ‍ॅडमिन दारात एवढंच बोलले: "तुम्ही ज्यांच्यावर संशय घेताय ना, ३०२, ते नाहीत."

मी घरी येऊन पाणी प्यायलो.

---

बाप्पा_कल्याणवाला | १९ ऑगस्ट, ११:२०

पण पहिली पोस्ट ३०२ ची असू शकते ना? दोन वेगळी माणसं.

---

काळाकोट | २० ऑगस्ट, सकाळी ८:४०

यावेळी बाप्पांचं बरोबर आहे. दुसऱ्या पोस्टचं नाव मिळालं तरी पहिली कुणाची ते त्यावरून ठरत नाही. फिर्यादीत दोन पोस्ट वेगळ्या मांडायच्या: दुसरीसाठी अ‍ॅडमिनला कागद हजर करायचा आदेश, पहिलीसाठी कंपनीकडून माहिती. पण 'चार लाख खाल्ले' हे वाक्य पहिल्या पोस्टमध्ये आहे. दुसरीत नुसता खोचक प्रश्न आहे. त्यामुळे नाव हातात आलं तरी ज्याचं आलं त्याच्याविरुद्ध बदनामी टिकेल का, हे मला आज सांगता येत नाही.

---

खडूस | २० ऑगस्ट, ९:१५

मोजमाप लावलं का बोर्डावर?

---

कोपरकर | २० ऑगस्ट, ९:५०

लावलं. दोन्ही कोटेशनं, मोजणीची पानं, चेकचे नंबर. काल ३०२ वाल्यांनी स्वतःहून मूळ वही मागितली, दिली. रात्री परत आणली. टाकीखालच्या भागाची एक बेरीज चुकली आहे म्हणाले, दोनशे रुपयांची. खरंच चुकली आहे.

---

काळाकोट | २० ऑगस्ट, १०:१०

ती दुरुस्ती सहीनिशी करा आणि जुनी पानं फाडू नका. दाव्याचं वर्ष १२ जुलै २०२६ ला भरतं. तो रविवार आहे, शेवटच्या दिवसावर ठेवू नका.